बिटकॉइनचे सुटे पैसे आणि मालकाचा माग

प्रश्न: बिटकॉइनचा पत्ता काढताना नाव, मोबाइल, आधार काहीच विचारत नाहीत. मग तो व्यवहार निनावीच झाला ना? तरी बातम्यांत येतं, की माग काढून चोर पकडला. हे नेमकं कसं करतात?

उत्तर:

पत्ता काढताना कोणी काही विचारत नाही, हे अगदी बरोबर. तुमच्या फोनमधलं वॉलेट एक प्रचंड मोठा आकडा मनाला येईल तसा निवडतं, तीच तुमची खासगी किल्ली. तिच्यापासून गणिताने पत्ता तयार होतो. त्या गणितात नाव कुठे येतच नाही, त्यामुळे नुसत्या पत्त्याकडे बघून मालक कोण हे तपासनीस असूनही मला सांगता येत नाही आणि जगातल्या दुसऱ्या कुठल्याही तपासनिसाला सांगता येत नाही.

पण निनावी असणं वेगळं आणि टोपणनावाने वावरणं वेगळं. एखादा कवी तीस वर्षं दिवाळी अंकांत टोपणनावाने लिहितो. कवी खरा कोण, हे वाचकांना माहीत नसतं, पण या सगळ्या कविता एकाच माणसाच्या आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. एके दिवशी एका संपादकाच्या कपाटात मानधनाचा एक चेक सापडतो, त्यावर खरं नाव असतं. त्या क्षणी ती एकच कविता उघडी पडत नाही, तीस वर्षांच्या सगळ्याच कविता त्याच्या नावावर जातात. बिटकॉइनचा पत्ता म्हणजे असं टोपणनाव. आणि इथे तर ३ जानेवारी २००९ रोजी पहिला ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या वहीचं पहिलं पान, तयार झाल्यापासूनची ती सगळी वही, म्हणजेच ब्लॉकचेन, कोणालाही फुकट वाचता येते. त्यातलं एकही पान फाडता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग दर वेळी नवं टोपणनाव घ्यावं. वॉलेट तेच करतात. प्रत्येक वेळी पैसे घ्यायला नवा पत्ता देतात. तरीही हे पत्ते एकमेकांना चिकटतात, आणि त्याचं कारण बिटकॉइन खर्च करण्याच्या पद्धतीतच आहे. माझं निम्मं काम या एका गोष्टीवर चालतं, म्हणून ती सावकाश सांगतो.

बँकेच्या खात्यात एक शिल्लक असते आणि तीतून हवी तेवढी रक्कम वजा होते. बिटकॉइनमध्ये तशी शिल्लक नसते. तुम्हाला जेव्हा जेव्हा पैसे आले, तेव्हा तेव्हा त्या रकमेची एक वेगळी नोट तुमच्या पाकिटात पडली असं समजा. कोणी ०.३१ दिले तर ०.३१ ची नोट, कोणी ०.२२ दिले तर ०.२२ ची. ही नोट अर्धी फाडता येत नाही, खर्च करायची तर पूर्ण द्यावी लागते. किराणा दुकानात ३८० रुपयांच्या सामानाला पाचशेची नोट दिली की दुकानदार १२० परत करतो. इथे दुकानदार काही परत करत नाही, सुटे तुमचे तुम्हीच स्वतःच्या एका नव्या पत्त्यावर त्याच व्यवहारात पाठवायचे असतात. हे सगळं वॉलेट आपोआप करतं, त्यामुळे वापरणाऱ्याला आपण सुटे घेतले याची कल्पनाच नसते. वहीत मात्र ते लिहिले जातात.

शिकवताना मी फळ्यावर जो व्यवहार काढतो तो इथे देतो. पत्ते आखूड केले आहेत आणि आकडे माझे आहेत, पण ही वही दाखवणाऱ्या वेबसाइटवर, म्हणजे ब्लॉक एक्सप्लोररवर, असे व्यवहार रोज दिसतात.

```
inputs
  bc1q...x4   0.31000000
  bc1q...9d   0.22000000
outputs
  3J...Wm     0.50000000
  bc1q...7k   0.02980000
fee           0.00020000
```

वरच्या दोन ओळी, म्हणजे इनपुट, आधी बघा. दोन वेगळ्या पत्त्यांवरच्या नोटा एकाच व्यवहारात खर्च झाल्या आहेत. प्रत्येक नोट खर्च करायला तिच्या पत्त्याच्या खासगी किल्लीने सही करावी लागते. एकाच वेळी दोन्ही किल्ल्यांनी सही झाली, म्हणजे दोन्ही किल्ल्या बहुधा एकाच वॉलेटमध्ये आहेत. ही युक्ती कोणा तपास यंत्रणेने शोधून काढलेली नाही. सातोशी नाकामोतो या नावाने (तेही टोपणनावच) २००८ मध्ये बिटकॉइनचा जो मूळ आराखडा प्रसिद्ध झाला, त्यातच लिहिलं आहे की अनेक इनपुट असलेल्या व्यवहारातून त्यांचा मालक एकच असल्याचं उघड होतं आणि ते टाळता येत नाही. ज्याने ही वही बनवली त्यानेच ती फट दाखवून ठेवली होती.

आता आउटपुटच्या दोन ओळी; त्यांच्याखालचा fee चा आकडा म्हणजे व्यवहार वहीत नोंदवण्याचं शुल्क. यातली एक म्हणजे दिलेले पैसे आणि एक म्हणजे परत आलेले सुटे. कुठली कुठली? ०.५ हा गोल आकडा आहे. माणूस गोल आकड्यात पैसे देतो, सुटे मात्र वेडेवाकडे उरतात. शिवाय पत्त्याची जात बघा: इनपुटचे दोन्ही पत्ते bc1q ने सुरू होतात आणि ०.०२९८ चा पत्ताही तसाच आहे, तर ०.५ चा पत्ता ३ ने सुरू होतो. वॉलेट सहसा स्वतःच्या जातीच्याच पत्त्यावर सुटे घेतं. तिसरी खूण मला सगळ्यात आवडते. समजा उलटं असतं, म्हणजे ०.०२९८ हे दिलेले पैसे आणि ०.५ हे सुटे. मग वॉलेटने दोन नोटा काढल्याच कशाला असत्या? ०.२२ ची एकच नोट पुरली असती. दोन नोटा लागल्या याचाच अर्थ द्यायची रक्कम ०.३१ पेक्षा मोठी होती.

तीन खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून मी ०.०२९८ चा bc1q...7k हा पत्ता त्याच मालकाच्या गठ्ठ्यात टाकतो. या गठ्ठ्याला आम्ही क्लस्टर म्हणतो. उद्या हीच ०.०२९८ ची नोट आणखी दोन नोटांबरोबर खर्च झाली की तेही पत्ते गठ्ठ्यात येतात, त्यांचे सुटेही येतात. दोन पत्त्यांपासून सुरू झालेला गठ्ठा बघता बघता शेकडो पत्त्यांचा होतो. मालकाने प्रत्येक वेळी नवा पत्ता घेतलेला असतो, आणि त्याच्या सुट्यांनी ते सगळे एका दोरीत ओवलेले असतात.

गठ्ठा तयार झाला तरी तो अजून बिननावाचाच. नाव येतं ते वहीच्या बाहेरून. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या सारा मायकलजॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याची अगदी साधी रीत दाखवून दिली. त्यांनी स्वतःच एक्सचेंज, म्हणजे बिटकॉइनच्या खरेदी-विक्रीच्या कंपन्या, जुगाराच्या साइट, दुकानं यांच्याशी शेकडो लहानसहान व्यवहार केले. एक्सचेंजवर पैसे भरताना त्याने दिलेला पत्ता त्याचाच आहे हे त्यांना पक्कं कळलं. तो पत्ता ज्या गठ्ठ्यात होता त्या अख्ख्या गठ्ठ्यावर त्या एक्सचेंजच्या नावाची चिठ्ठी लागली. आज आमच्या हातातली महागडी सॉफ्टवेअर मुळात हेच करतात, फक्त फार मोठ्या प्रमाणावर आणि वर्षानुवर्षं.

तपासनीस म्हणून मला चोराचं नाव ब्लॉकचेनवर शोधायचंच नसतं. मला एवढंच दाखवायचं असतं, की चोरीचे पैसे अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक एक्सचेंजच्या अमुक जमा-पत्त्यावर पोचले. पुढचं काम कागदाचं. भारतात पोलीस त्या एक्सचेंजला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली नोटीस पाठवतात. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने ही एक्सचेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली, त्यामुळे ग्राहकाची ओळख पटवणं आणि नोंदी ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. उत्तरात पॅन, बँक खातं, लॉगिनचे आयपी पत्ते येतात. म्हणजे संपादकाच्या कपाटातला तो चेक.

आता हे सगळं एका खऱ्या प्रकरणात कसं उलगडलं ते बघा. ऑगस्ट २०१६ मध्ये बिटफिनेक्स या एक्सचेंजमधून १,१९,७५४ बिटकॉइन चोरीला गेले. चोराने दोन हजारांहून जास्त व्यवहार करून ते आपल्या ताब्यातल्या वॉलेटमध्ये नेले. अमेरिकी तपास यंत्रणांनी त्या वॉलेटला त्याच्या पत्त्याच्या पहिल्या अक्षरांवरून 1CGA4s असं नाव दिलं. चोरीचा माल कुठे आहे हे त्या दिवसापासून अख्ख्या जगाला दिसत होतं. कोणाकडे आहे, ते मात्र माहीत नव्हतं. टोपणनाव म्हणजे काय, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

जानेवारी २०१७ पासून त्यातला काही भाग, साधारण २५,००० बिटकॉइन, बाहेर पडू लागला. पद्धत अशी, की मोठ्या नोटेतून एक लहान तुकडा काढून पुढे पाठवायचा, उरलेले मोठे सुटे नव्या पत्त्यावर घ्यायचे, त्यातून पुन्हा एक तुकडा काढायचा. कांद्याचा एकेक पापुद्रा काढावा तसं. याला पील चेन म्हणतात. हजार पायऱ्या बघून बघणारा दमेल, अशी चोराची आशा असते. पण प्रत्येक पायरीवर लहान तुकडा एकीकडे आणि मोठे सुटे दुसरीकडे असाच आकार असल्यामुळे पुढची पायरी कुठली हे लगेच कळतं, आणि हजार पायऱ्या चढायला संगणक दमत नाही.

हे चोरालाही कळत असावं, म्हणून त्याने पैशांचा बराच भाग अल्फाबे या डार्कनेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या लपलेल्या भागातल्या, बाजारात जमा केला आणि तिथून दुसऱ्या नोटांच्या रूपात काढला. ही युक्ती खरोखर परिणामकारक असते, कारण बाजाराच्या आत सगळ्यांचे पैसे एका हौदात पडतात आणि कोणाचे किती ते फक्त बाजाराच्या खासगी वहीत लिहिलेलं असतं. सार्वजनिक वहीतला माग तिथे संपतो. पण जुलै २०१७ मध्ये तपास यंत्रणांनी अल्फाबे बंद पाडला आणि त्याच्या आतल्या नोंदी त्यांच्या हाती आल्या. हौदाच्या आतली वही मिळाली आणि तुटलेली दोरी पुन्हा जोडली गेली. अर्धवट राहिलेला माग पाच वर्षांनीही पुरा होऊ शकतो, कारण सार्वजनिक वही जागची हलत नाही. आज न सुटणारी गाठ उद्या नवी माहिती आली की सुटते. चोराला हे फार उशिरा लक्षात येतं.

अल्फाबेतून निघालेले पैसे एका एक्सचेंजवरच्या अनेक खात्यांत गेले. खाती वेगवेगळ्या नावांची होती, पण त्यांचे ईमेल पत्ते भारतातल्या एकाच ईमेल कंपनीकडचे होते, खाती साधारण एकाच काळात उघडलेली होती आणि त्यांत लॉगिन करणारे आयपी पत्ते सारखे होते. एक्सचेंजने ओळखपत्रं मागितली तेव्हा उत्तर न देता ती तशीच सोडून दिलेली होती. इथे ब्लॉकचेनचा अभ्यास संपतो आणि साधी पोलिसी नजर सुरू होते. पुढे त्यातल्या पैशांतून ५०० डॉलरचं वॉलमार्टचं गिफ्ट कार्ड घेतलं गेलं आणि ते हेदर मॉर्गन यांच्या नावाने वापरलं गेलं. इतक्या मोठ्या चोरीचं खरं नाव रोजच्या खरेदीच्या एका कार्डावर सापडलं.

३१ जानेवारी २०२२ च्या सुमारास तपासनिसांनी मॉर्गन यांचे पती इल्या लिख्टेनस्टाइन यांच्या क्लाउड खात्यातली कुलूपबंद फाइल उघडली. तीत दोन हजारांच्या आसपास पत्ते आणि त्यांच्या खासगी किल्ल्या होत्या. सरकारने ९४,००० हून अधिक बिटकॉइन स्वतःच्या ताब्यातल्या पत्त्यावर हलवले, तेव्हा त्यांची किंमत सुमारे ३.६ अब्ज डॉलर होती. ही हालचाल १ फेब्रुवारीला सगळ्यांना दिसली आणि बातम्या आल्या, की बिटफिनेक्सच्या चोरांनी माल हलवला. आठवडाभराने, ८ फेब्रुवारीला या दोघांच्या अटकेची घोषणा झाली तेव्हा कळलं की हलवणारं सरकार होतं. काय घडलं हे सगळ्यांनी बिनचूक पाहिलं होतं, कोणी केलं हे मात्र सगळ्यांनी चुकीचं ओळखलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये दोघांनी गुन्हा कबूल केला, आणि चोरी आपणच केली हेही लिख्टेनस्टाइन यांनी मान्य केलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांना पाच वर्षांची आणि मॉर्गन यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली.

इतकं सांगितल्यावर हे शास्त्र कधी चुकत नाही असं वाटेल, म्हणून ते कुठे चुकतं तेही सांगायलाच हवं. चुकलं तर निरपराध माणसाच्या दारात पोलीस उभे राहतात.

या कामाच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून ही चूक होता होता राहिली. फसवणुकीचे पैसे एका पत्त्यावर आले, तिथून दुसऱ्यावर गेले, तिथून अनेक नोटांबरोबर एका मोठ्या व्यवहारात खर्च झाले, तिथून आणखी पुढे. मी आनंदाने बाण काढत गेलो आणि शेवटच्या पत्त्यावर गोल करून अहवाल आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांसमोर ठेवला. त्यांनी दुसऱ्या बाणावर पेन ठेवलं.

“हा पत्ता कोणाचा?”

“एक्सचेंजचा जमा-पत्ता आहे, सर.”

“मग पैसे एक्सचेंजमध्ये जमा झाले. पुढे कसा गेलास?”

मला उत्तर देता आलं नाही. एखाद्याने लक्ष्मी रोडच्या शाखेत रोकड भरली, आणि त्याच नोटा संध्याकाळी एटीएममधून दुसऱ्या कोणाला मिळाल्या, तर तो दुसरा माणूस काही पहिल्याचा साथीदार होत नाही. मी नेमकं तेच केलं होतं. एक्सचेंज ग्राहकांच्या जमा-पत्त्यांवरच्या नोटा गोळा करून रोजच्या देवाणघेवाणीच्या आपल्या सामायिक वॉलेटमध्ये, म्हणजे हॉट वॉलेटमध्ये, टाकतं आणि त्यातून ज्याला पैसे काढायचे असतील त्याला देतं. जमा-पत्त्याच्या पुढचा बाण एक्सचेंजचा असतो, ग्राहकाचा नसतो. मी ज्या पत्त्यावर गोल केला होता तो असाच कोणातरी तिऱ्हाइताचा होता. तेव्हापासून मी प्रत्येक बाणाशेजारी, तो मालकाचा आहे असं का मानलं, ते कारण एका ओळीत लिहितो. कारण लिहिता आलं नाही तर बाण पुसतो.

एक्सचेंज ओळखण्याच्या खुणा असतात. एका व्यवहारात दोन इनपुट आणि चाळीस-पन्नास वेगवेगळ्या रकमांचे आउटपुट दिसले, तर ते बहुधा एक्सचेंजने अनेक ग्राहकांना एकदम चुकते केलेले पैसे असतात. त्यात सुटे शोधत बसण्यात अर्थ नाही.

दुसरा धोका कॉइनजॉइनचा. यात अनेक अनोळखी माणसं ठरवून एकाच व्यवहारात आपापल्या नोटा टाकतात आणि सगळ्यांना एकसारख्या रकमेच्या नोटा परत मिळतात. उदाहरणार्थ, इनपुट दहा वेगळ्या माणसांचे आणि आउटपुटमध्ये ०.१ च्या दहा नोटा. कुठली ०.१ कोणाची हे व्यवहारावरून सांगता येत नाही. शिवाय “एकत्र इनपुट म्हणजे एकच मालक” हा आमचा पहिला नियमच इथे खोटा पडतो, आणि तो डोळे मिटून लावला तर दहा अनोळखी माणसं एका गठ्ठ्यात बांधली जातात. एकसारखे आउटपुट दिसले की नियम बाजूला ठेवायचा, हे शिकायला सोपं आहे. कठीण आहे ते पेजॉइन. त्यात पैसे घेणाराही आपली एक नोट इनपुटमध्ये टाकतो, आणि बाहेरून तो व्यवहार वर फळ्यावर काढलेल्या व्यवहारासारखाच साधा दिसतो. म्हणून एकाच व्यवहाराच्या आकारावर मी कोणाचंही नाव लिहीत नाही, आणि न्यायालयात विचारलं तर गठ्ठा हा अंदाज आहे, एक्सचेंजने पाठवलेली नोंद हा पुरावा आहे, असा फरक स्पष्ट सांगतो.

कॉइनजॉइनमधून बाहेर पडलेली माणसं पुन्हा कशी सापडतात, तर बहुतेक वेळा सुट्यांनीच. मिसळून आणलेल्या ०.१ च्या तीन नोटा आणि न मिसळलेले जुने सुटे कोणीतरी पुढे एकाच व्यवहारात खर्च करतं. दहा जणांत हरवलेला माणूस त्या एका व्यवहाराने पुन्हा आपल्या जुन्या गठ्ठ्यात येऊन बसतो.

मोनेरो या दुसऱ्या आभासी चलनाचं गणित वेगळं. तिथे पाठवणाऱ्याची नोट इतर नोटांच्या घोळक्यात लपवलेली असते, घेणाऱ्याचा पत्ता दर वेळी एकदाच वापरण्याचा असतो आणि रक्कमही वहीत दिसत नाही. इथे सांगितलेल्या खुणांपैकी एकही तिथे उपयोगी पडत नाही. बिटकॉइनचे पैसे मोनेरोत गेले, की मी मोनेरोच्या मागे लागत नाही. बदल जिथे झाला त्या सेवेला वेळ आणि रक्कम देऊन विचारतो, आणि बदलून आलेले पैसे तशाच रकमेने थोड्या वेळाने दुसरीकडे परत बिटकॉइनमध्ये आले का ते बघतो. कधी ते जुळतं, कधी अहवालात “इथून पुढे माग नाही” असं लिहून थांबावं लागतं.

स्वतः बघायचं असेल तर आपल्याच एखाद्या जुन्या व्यवहाराचा आयडी घ्या, कुठल्याही ब्लॉक एक्सप्लोररवर टाका आणि आउटपुटच्या ओळींपैकी तुमचे सुटे कुठले ते ओळखा. मग त्या पत्त्यावर क्लिक करून ती नोट पुढे कुठल्या नोटांबरोबर खर्च झाली ते बघा. आणि फसवणुकीची तक्रार करायची वेळ आली, तर हा आयडी आणि पूर्ण पत्ता स्क्रीनशॉटमध्ये न ठेवता मजकूर म्हणून कॉपी करून द्या. फोटोतलं एक अक्षर वाचताना चुकलं तर तपास सुरूच होऊ शकत नाही.